दसऱ्याच्या झेंडूचं बी आषाढी एकादशीच्या आधी

झेंडूचं सगळं गणित दसऱ्यापासून उलटं मोजायचं असतं. इंग्रजी तारीख इथे दगा देते. दसरा २०२३ मध्ये २४ ऑक्टोबरला होता, २०२५ मध्ये २ ऑक्टोबरला आणि २०२६ मध्ये तो २० ऑक्टोबरला येतो. गेल्या वर्षीच्याच तारखेला रोपं लावणाऱ्याचा माल सणाआधीच निघून जातो, नाहीतर सण उलटल्यावर फुलतो.

ट्रेमध्ये बी पेरल्यापासून रोप लावणीला येईपर्यंत साधारण पंचवीस दिवस जातात, तिथून पहिल्या तोड्याला पंचावन्न. पहिल्या तोड्याला फुलं कमीच असतात. भर येतो तो पुढच्या दोन-तीन तोड्यांना, म्हणून पहिला तोडा दसऱ्याआधी बारा दिवस यायला हवा. २०२६ साठी मोजलं, तर पहिला तोडा ८ ऑक्टोबरला, लावण १४ ऑगस्टला आणि पेरणी २० जुलैला. आषाढी एकादशी २५ जुलैला आहे. आषाढीपासून दसरा एरवी अठ्ठ्याऐंशी दिवसांच्या आसपास असतो, त्यामुळे एकादशीच्या चार-पाच दिवस आधी बी टाकलं की हिशेब बसतो. फक्त मध्ये अधिक महिना येतो का, ते पंचांगात पाहावं. २०२३ मध्ये अधिक श्रावण आल्याने हेच अंतर ११७ दिवसांवर गेलं होतं.

हवामान मात्र पंचांग पाळत नाही. थोडीफार दुरुस्ती शेतकऱ्याच्या हातात असते ती शेंडा खुडण्यात. लावणीनंतर तीन-चार आठवड्यांनी शेंडा खुडला की बगलफुटी वाढते, फुलं जास्त येतात, पण बहर आठवडाभर तरी लांबतो. वरचे पंचावन्न दिवस शेंडा खुडलेल्या पिकाचे आहेत. लावण उशिरा झाली असेल तर खुडणी सोडून द्यावी. फुलं कमी, पण वेळेवर मिळतील. पीक पुढे पळत असेल तर पहिल्या कळ्या काढून टाकाव्यात. युरिया जास्त पडला तर झाड हिरवंगार दिसतं आणि कळी लांबते. अशा झाडाचं कौतुक शेजारीच करतात.

आता पाच गुंठ्यांचं पाहू. चार फुटांवर गादीवाफे आणि दोन रोपांत दीड फूट धरलं, तर नऊशे रोपं बसतात. भराच्या तोड्याला रोपामागे दहा-बारा फुलं आली, तरी एका तोड्यात शंभर किलोच्या आसपास माल निघतो. एवढ्यासाठी गाडी करून दादरला किंवा पुण्याच्या मार्केट यार्डात जाणं अनेकदा परवडत नाही. वाहतूक, हमाली वजा झाली की हातात काय उरेल ते त्या दिवशीच्या आवकेवर ठरतं, आणि दसऱ्याला आवक सगळीकडूनच येते. तालुक्याच्या गावातले दोन-तीन हारवाले आणि देवळाबाहेरचे फूलवाले हाताशी असतील, तर एवढा माल तिथेच खपू शकतो.

पण त्यांना काय हवं ते आधी विचारावं. शेतकरी टपोऱ्या फुलाच्या मागे असतो. हारवाला फूल किलोवर घेतो आणि हार लांबीवर विकतो. मोठ्या फुलाचं वजन त्याच्या रुंदीच्या मानाने खूपच जास्त भरतं, म्हणून मध्यम, घट्ट फुलांच्या किलोत हार लांब होतो. ओवताना सुई जिथून जाते तो देठाकडचा भाग टणक लागतो. सुई घालताच पाकळ्या सुटल्या तर ते फूल त्याच्या कामाचं नाही. शिवाय नारिंगीबरोबर पिवळाही हवाच असतो. रोपं निवडतानाच दोन्ही रंगांचं प्रमाण त्याच्याशी बोलून घ्यावं. पांढऱ्या-जांभळ्या रंगासाठी एखादा वाफा ॲस्टरचा ठेवला, तर त्याला दुसरीकडे जावं लागत नाही.

खरी भीती परतीच्या पावसाची. भिजलेलं फूल वजनाला भरतं, पण ढिगात गरम होऊन देठाकडून काळं पडतं. हारवाला बोटाने दाबून पाहतो. पाणी आलं की भाव पडलाच. म्हणून दव उडाल्यावर तोडावं, ओलं फूल सावलीत पसरून सुकवावं आणि पोत्यात दाबून न भरता क्रेटमध्ये न्यावं. तेवढ्यासाठी उशीर झाला तरी चालेल. झाडं आडवी पडली तर फुलांना माती लागते, त्यामुळे बांबू आणि सुतळीचा आधार पावसाआधीच द्यावा.

दसऱ्याला दुपारनंतर भाव कोसळतो आणि उरलेली फुलं बाजारातच टाकून लोक घरी जातात, हे दर वर्षी दिसतं. म्हणून हारवाल्याशी किलो आणि दर आठवडाभर आधी ठरवावा, शक्य तर थोडा विसारही घ्यावा. आणि दसऱ्याच्या संध्याकाळी झाडं उपटू नयेत. लक्ष्मीपूजन त्यानंतर एकोणीस-वीस दिवसांनी असतं. सुकलेली फुलं काढून हलकं खत आणि पाणी दिलं, तर हीच झाडं पुन्हा तोड्याला येतात. फुलं थोडी लहान होतात, पण हारवाल्याला तीही चालतात.