माणूस दुसऱ्याचा, काम आपलं

प्रकल्पप्रमुखाच्या टीममधला टेस्टर बऱ्याचदा त्याच्या हाताखालचा नसतो. त्याची रजा, पगारवाढ, अप्रेझल सगळं त्याच्या विभागाच्या मॅनेजरकडे. काम रखडलं की आपण टेस्टरच्याच मागे लागतो. खरी गाठ मात्र वर असते.

समजा, सोमवारी तो ‘करतो’ म्हणाला आणि गुरुवारपर्यंत काहीच हललं नाही. त्याला एवढंच विचारावं, “या आठवड्यात तुझ्याकडे आणखी काय काय आहे?” बहुधा कळतं, की मॅनेजरने दुसरं काम आधी उरकायला सांगितलंय. मग तगाद्याचा उपयोग नाही. टेस्टरला सांगून मॅनेजरकडे जावं, तेही तक्रार नव्हे, हिशेब घेऊन: “मला त्याच्या मंगळवार-बुधवारच्या सकाळी हव्यात. नाही मिळाल्या तर रिलीज आठवडाभर पुढे जाईल. तुम्हाला कोणतं चालेल?” जे ठरेल ते त्याच दिवशी दोन ओळींच्या मेलमध्ये तिघांनाही लिहावं. काम झालं, की टेस्टरने नेमकी कोणती चूक पकडली ते मॅनेजरला कळवावं. अप्रेझलला तोच मेल त्याच्या कामी येतो.

दोन्ही कामं खरोखर तातडीची असतील, तर हा उपाय पुरत नाही. तेव्हा मॅनेजरला सोबत घेऊनच वरिष्ठांकडे जावं. परस्पर वर गेलात, तर पुढच्या वेळी तुमचा फोन कुणी उचलणार नाही.