सोमवार : आठवी, नववी आणि कोपर पूल

डोंबिवली पूर्व. दुपारचे साडेतीन. दुसऱ्या मजल्यावरच्या एका दाराबाहेर चपलांचे पाच जोड पडलेत. ऑक्टोबरचं ऊन जिन्याच्या जाळीतून थेट त्यांच्यावर येतंय. आत हॉलमधला सोफा भिंतीला सरकवलेला आहे. सतरंजीवर आठवीची पाच मुलं मांडी घालून बसलीत. पंखा फिरतोय, पण वारा गरमच आहे.

टीचर फळ्यावर दोन समांतर रेषा आणि एक छेदिका काढतात. आठ कोन होतात. त्यातल्या एकाच कोनाचं माप त्या लिहितात. "बाकीचे सात तुम्ही सांगायचे. आणि प्रत्येकाचं कारण लिहायचं." पेन्सिली चालू लागतात.

कपाटाच्या दाराला आठवड्याचं वेळापत्रक चिकटवलंय. चौकटी पेनाने आखल्यात, आतला मजकूर मात्र पेन्सिलचा. सोमवार-बुधवार-शुक्रवार साडेतीन ते पाच आठवी, सव्वासहा ते पावणेआठ नववी. दहावी मंगळवार-गुरुवार-शनिवारी. हे दिवस टीचरांनी निवडलेत, वेळा शाळांनी. आठवीची शाळा सकाळची, म्हणून ती दुपारी मोकळी. नववीची दुपारची शाळा पावणेसहाला सुटते. मुलं घरी जाऊन दोन घास खाऊन येणार, तेव्हा सव्वासहा वाजणारच. मधला सव्वा तास वह्या तपासायला आणि कणीक मळायला.

हा झाला साधा आठवडा. आजच्या चौकटीवर खोडरबर फिरलेलं दिसतं.

चारला पुन्हा बेल वाजते. नववीच्या दोन मुली दारात उभ्या. त्यांच्या शाळेत सहामाही सुरू झालीय, पेपर सकाळी असतो. उद्या गणित भाग एक. "आतच या," टीचर म्हणतात. हॉलमध्ये आठवी आहे, म्हणून मुली स्वयंपाकघरात ओट्याशेजारच्या टेबलावर बसतात. आता एक तास दोन खोल्यांत दोन इयत्ता चालणार. टीचर हॉलमध्ये एक उदाहरण घालतात, आत जातात, तिथे एक घालतात, बाहेर येतात.

नववीच्या बॅचमध्ये सहा मुलं आहेत आणि शाळा तीन. पहिल्या शाळेतल्या या दोघींचा पेपर उद्या. दुसऱ्या शाळेतल्या तिघांचा गुरुवारी. तिसऱ्या शाळेतल्या एकट्या मुलाचा पुढच्या सोमवारी. अभ्यासक्रमही एक नाही. पहिल्या दोन शाळांनी सहामाहीला बीजगणिताची चार प्रकरणं लावलीत : संच, वास्तव संख्या, बहुपदी, गुणोत्तर व प्रमाण. तिसऱ्या शाळेत तीनच झालीत. सगळ्यांना एकत्र बसवून उजळणी घेतली, तर उद्याच्या मुलींना वेळ पुरत नाही आणि सोमवारच्या मुलाला पुढच्या सोमवारपर्यंत काही आठवत नाही. म्हणून आज मुली लवकर आल्यात, उरलेले चौघे नेहमीच्या वेळेला येतील. बुधवारी आठवीला अर्धा तास आधी सोडायचं, तो वेळ गुरुवारच्या पेपरवाल्या तिघांना. आठवीचा बुडालेला अर्धा तास रविवारी सकाळी.

ओट्याशेजारी टेबलावर एक वही उघडी आहे. x³ − 7x + 6 ला x − 1 ने भागायचंय, संश्लेषक पद्धतीने. मुलीने सहगुणक मांडलेत : 1, −7, 6. खालच्या ओळीत 1, −6, 0.

"बाकी शून्य आली, टीचर."

टीचर वहीवर वाकतात. बाकी खरंच शून्य आहे. उत्तर तपासायला आणखी कुणी असतं, तर इथे बरोबरची खूण झाली असती.

"बाकी बरोबर आहे. भागाकार काय आला?"

"x − 6."

"तिसऱ्या कोटीच्या बहुपदीला पहिल्या कोटीच्या बहुपदीने भागलं. भागाकाराची कोटी किती हवी?"

मुलगी बोटावर मोजते. "दोन." मग वहीकडे बघते. "अय्या. x चा वर्ग गेला कुठे?"

मूळ बहुपदीत x² चं पद नाही, म्हणून तिथे शून्य मांडायला हवं होतं. आता ती पुन्हा मांडते : 1, 0, −7, 6. खालची ओळ येते 1, 1, −6, 0. भागाकार x² + x − 6. बाकी दोन्ही वेळा शून्यच, कारण भाजक x − 1 असला की बाकी म्हणजे नुसती सहगुणकांची बेरीज, आणि मध्ये शून्य मिळवलं काय, न मिळवलं काय, बेरीज तीच राहते. दुसरी मुलगी हळूच आपल्या वहीत एक शून्य घुसवते.

"सहाच्या वर मुलं घेत नाही ती याचसाठी," टीचर मला म्हणतात. "फळ्यावरून ही चूक दिसत नाही. वहीत डोकवावं लागतं."

पाचला आठवी जाते, साडेपाचला मुली. सव्वासहाला उरलेले चौघे येतात. बाहेर अंधारतं, पण उकाडा तसाच. पावणेआठला टीचर स्कूटरची किल्ली उचलतात. मी मागे बसते.

आता शिकवणीसाठी पश्चिमेला जायचंय. मध्ये रेल्वे, म्हणून कोपर पूल. पुलाच्या तोंडाशी रिक्षांची रांग थांबलीय. बस वळतेय, तिच्या पोटाशी दोन दुचाकी अडकल्यात. हॉर्न, धूर, खालून जाणाऱ्या लोकलचा खडखडाट. आपण पुढे सरकतो ते हातभर. अंतर जेमतेम चार किलोमीटर, पण पोचायला अर्धा तास लागतो. परतीलाही तेवढाच.

या रांगेत टीचर हिशेब सांगतात. घरच्या आठवीच्या बॅचमध्ये पाच मुलं, प्रत्येकी महिना बाराशे, म्हणजे सहा हजार. आठवड्याला तीन दिवस, दीड-दीड तास : महिन्याचे अठरा तास. तासाला तीनशे तेहतीस रुपये. पश्चिमेचा मुलगा एकटाच चार हजार देतो, आठवड्यातून दोनदा, एकेक तास. महिन्याचे आठ तास, म्हणजे तासाला पाचशे. "पण हा पूल मोजला," त्या समोरच्या रिक्षाकडे हात करतात, "की तेच सोळा तास होतात. अडीचशे."

सव्वाआठ. सातवा मजला, एसी लावलेली खोली. मुलगा दहावीचा, सीबीएसईचा. त्याची सहामाही सप्टेंबरातच उरकलीय. पूर्वेला सगळे उजळणीत बुडालेत आणि इथे नवं प्रकरण सुरू : त्रिकोणमिती. टीचर पिशवीतून वेगळं पुस्तक काढतात. मुलगा जांभई दाबतो. गृहपाठ अर्धाच झालाय. पहिली वीस मिनिटं त्यातच जातात.

सव्वानऊला आई सरबत घेऊन येतात. "टीचर, आमच्या वरच्या मजल्यावर एक मुलगी आहे. दोघांना एकत्र घ्याल का?"

"कितवीत आहे?"

"आठवीत. आयसीएसई."

"मग एकत्र नाही जमायचं. याच्यानंतर तिचा वेगळा तास घ्यावा लागेल."

लिफ्टमध्ये टीचर बोटांवर आकडे मांडतात. दोन मुलं, आठ हजार. शिकवण्याचे सोळा तास, पुलाचे आठच. चोवीस. भागाकार येतो तीनशे तेहतीस, बरोब्बर घरच्या बॅचएवढा. फक्त घरी पोचायला पावणेअकरा होणार, आणि ते दोन दिवस वह्या तपासायच्या त्यानंतर.

"फी जमतेय," त्या स्कूटर स्टँडवरून काढतात. "तिला शनिवारी दुपारी पूर्वेला पाठवायला तयार आहेत का, ते उद्या विचारते."