चहातली दालचिनी आणि यकृत

बाजारात 'दालचिनी' या एकाच नावाखाली दोन वेगळ्या जातींच्या झाडांची साल विकली जाते. पहिली श्रीलंकेची खरी दालचिनी. कोकणात नारळाच्या बागेत आंतरपीक म्हणून लावतात, दापोलीच्या कृषी विद्यापीठाने जिची 'कोकण तेज' ही जात दिली, ती हीच. दुसरी कॅशिया. चीन, व्हिएतनाम आणि इंडोनेशियातून ती येते, स्वस्त असते आणि भारतातल्या किराणा दुकानांत जास्त करून तीच मिळते. काही ठिकाणी तिला तज म्हणतात आणि भारताच्या अन्न-नियमांतही या दोन सालींची नोंद वेगवेगळी आहे. चव दोन्हींची जवळपास सारखी लागत असली, तरी यकृताच्या दृष्टीने एक फरक महत्त्वाचा आहे. तो म्हणजे कुमारिन.

कुमारिन हा वनस्पतींत आपोआप तयार होणारा सुगंधी पदार्थ आहे. ताजं गवत कापून वाळत घातल्यावर जो गोडसर वास येतो, तो बराचसा त्याचाच. टोंका नावाच्या बियांत तो भरपूर असतो आणि एकेकाळी व्हॅनिलाच्या वासासाठी तो खाद्यपदार्थांत मुद्दाम घालत. प्राण्यांवरच्या प्रयोगांत यकृताला इजा दिसल्यावर अमेरिकेने 1954 साली ही पद्धत बंद केली. भारतातही स्वाद म्हणून कुमारिन अन्नात घालायला मनाई आहे. कॅशियात मात्र ते कोणी घालत नाही, ते सालीतच असतं. जर्मनीच्या सरकारी जोखीम-मूल्यमापन संस्थेने कॅशियाच्या पुडीसाठी किलोमागे सुमारे 3000 मिलीग्रॅम ही सरासरी धरली आहे, म्हणजे एका ग्रॅममध्ये साधारण 3 मिलीग्रॅम. काही नमुन्यांत हे प्रमाण 7000 च्याही पुढे गेलेलं आढळलं आहे. खऱ्या दालचिनीत ते इतकं नगण्य असतं की रोजच्या वापरात हिशेबात धरायचं कारण नाही.

किती कुमारिन चालतं, याचा आकडा युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने ठरवला आहे: शरीराच्या दर किलो वजनामागे रोज 0.1 मिलीग्रॅम, आयुष्यभर रोज घेतलं तरी. हा आकडा कुत्र्यांवरच्या दोन वर्षांच्या अभ्यासातून आला. ज्या मात्रेपर्यंत त्यांच्या यकृतावर काही परिणाम दिसला नाही, तिला 100 ने भागलं. माणसाचं शरीर कुत्र्यापेक्षा आणि एक माणूस दुसऱ्यापेक्षा वेगळा असतो, म्हणून ही मोठी सूट. त्यामुळे एखाद्या दिवशी मर्यादा ओलांडली की यकृत बिघडलं, असा त्याचा अर्थ नाही. त्याच संस्थेच्या मते एक-दोन आठवडे तिप्पट मात्रा गेली तरी धोका नाही. काळजी करायची ती रोजच्या, महिनोन्‌महिन्यांच्या सवयीची.

आता एक चहाचं घर घ्यावं. घरातली बाई 55 किलो वजनाची आहे, म्हणजे तिची रोजची मर्यादा साडेपाच मिलीग्रॅम. सकाळ-संध्याकाळ दोन कप चहा आणि दर कपात कॅशियाच्या पुडीची एक चिमूट. चिमूट म्हणजे सुमारे 0.3 ग्रॅम धरायला हरकत नाही. दोन कपांत 0.6 ग्रॅम पूड, तिच्यात 1.8 मिलीग्रॅम कुमारिन. हे मर्यादेच्या तिसऱ्या हिश्श्याइतकं झालं. पूड फार तीव्र निघाली आणि कुमारिन दुप्पट असलं, तरीही मर्यादेच्या आतच. पुडीऐवजी सालीचा तुकडा उकळून गाळून टाकला, तर त्यातलं सगळं कुमारिन पाण्यात उतरत नाही, त्यामुळे मात्रा आणखी खाली राहते. मसाल्याच्या चहात तर आलं, वेलची, लवंग यांच्या जोडीला दालचिनीचा वाटा थोडाच असतो. अशा चहाने निरोगी माणसाच्या यकृताला काळजीचं कारण नाही.

पण त्याच घरात कोणी साखर आटोक्यात राहावी म्हणून रोज सकाळी कोमट पाण्यातून चमचाभर पूड घेऊ लागलं, की हिशेब उलटतो. सपाट भरलेल्या चहाच्या चमच्यात साधारण अडीच ग्रॅम पूड मावते. म्हणजे साडेसात मिलीग्रॅम कुमारिन, तेही चहातलं सोडून. ही मात्रा रोजची झाली, तर 55 किलोच्या माणसासाठी ती मर्यादेबाहेर आहे. लहान मुलांच्या बाबतीत तर आकडे फारच लवकर संपतात: 15 किलोच्या मुलाची मर्यादा दीड मिलीग्रॅम, आणि ती अर्ध्या ग्रॅम कॅशियात गाठली जाते. मुलाच्या दुधात रोज दालचिनी घालणाऱ्या घरांनी हे नक्की लक्षात ठेवावं.

कुमारिन सगळ्यांना सारखं बाधत नाही. माणसाचं यकृत त्याचं बहुतेक निरुपद्रवी रूपांतर करून लघवीवाटे बाहेर टाकतं. उंदरांत ते वेगळ्या वाटेने, अधिक विषारी रूपात मोडतं, म्हणून उंदरांवरचे निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लावता येत नाहीत. तरीही मोजकी माणसं संवेदनशील असतात. कुमारिन औषध म्हणून दिलं जात होतं, तेव्हा दोन हजारांहून अधिक रुग्णांच्या एका पाहणीत आठ जणांच्या रक्तात यकृताची एन्झाइमं वाढलेली दिसली. त्यांना मिळणारी मात्रा चहातल्या मात्रेच्या कितीतरी पट होती. औषध थांबवल्यावर अशी वाढ बहुधा ओसरते. 2015 साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी 73 वर्षांच्या एका स्त्रीची हकिगत प्रसिद्ध केली. कोलेस्टेरॉलचं स्टॅटिन ती घेतच होती, त्यात दालचिनीच्या गोळ्या सुरू केल्या आणि तिला हिपॅटायटिस झाला. दोन्ही थांबवल्यावर ती बरी झाली. एका रुग्णावरून नियम काढता येत नाही, पण ज्यांना यकृताचा आजार आहे किंवा ज्यांच्या औषधांचा यकृतावर ताण येतो, त्यांनी कॅशियाच्या गोळ्या किंवा चमचाभर पूड डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

साल ओळखणं सोपं आहे. कॅशियाचा तुकडा जाड, कडक, गडद तांबूस, एकाच थराचा असतो आणि हाताने सहजी मोडत नाही. खरी दालचिनी फिकट, कागदासारख्या पातळ थरांची, आत अनेक पापुद्रे गुंडाळलेली असते आणि बोटांनी चुरली जाते. पूड झाल्यावर मात्र घरी हा भेद कळत नाही, म्हणून रोज वापरणाऱ्याने पूड विकत घेण्यापेक्षा साल घेऊन घरी कुटावी. कॅशियाच वापरायची असेल, तर पातेल्यात एक लहान तुकडा टाकून उकळावा आणि चहाबरोबर गाळून घ्यावा.

अशी पूड किंवा गोळ्या घेणाऱ्याला भूक मंदावणं, मळमळ, सतत थकवा, गडद लघवी किंवा डोळ्यांत पिवळेपणा जाणवला, तर यकृताची रक्ततपासणी करून घ्यावी आणि दालचिनी घेत असल्याचं डॉक्टरांना सांगावं. मसाल्याचा पदार्थ म्हणून ते सांगायचं राहून जातं आणि तपासणीत वाढलेल्या आकड्यांचं कारण दुसरीकडेच शोधलं जातं.