पाच टक्के म्हणजे नेमके किती रुपये?

तुर्भ्याच्या बाजार समितीत दुपारी माल उतरून झाला की गाळ्यांवर महालक्ष्मीच्या रेसची चर्चा रंगते. तिथे एक वाक्य हमखास कानी पडते: "हजार डावांत पाच टक्के काढले की पुढे हमाली करायची गरज नाही." काही जण तर शंभरावर एकशे पाच, त्यावर पुन्हा पाच टक्के असा हिशेब मांडतात. या चक्रवाढीने चौदा-पंधरा डावांत पैसे दुप्पट होतात आणि हजाराव्या डावापर्यंत देशाचा खजिनाही अपुरा पडेल! हे तरी खटकायला हवे की नाही?

पाच टक्के हा नफा लावलेल्या एकूण रकमेवर मोजतात. १०० रुपयांचे १,००० डाव म्हणजे एक लाखाची उलाढाल, आणि तिच्यावर नफा ५,००० रुपये. डावामागे पाच रुपये पडले. रेसच्या दिवशी दोनच डाव लावणाऱ्याला हजार गाठायला रेसचे ५०० दिवस लागतील. मुंबईचा हंगाम हिवाळ्यात आणि पुण्याचा पावसाळ्यात, तेव्हा हे काही वर्षांचे काम झाले.

त्यात कौशल्य किती आणि नशीब किती? समजा, एकास एक भावाचे डाव आहेत आणि खेळणाऱ्याला घोड्यातले काहीही कळत नाही. हजार डावांनंतर त्याचा हिशेब शून्याच्या आसपास यायला हवा, पण नशिबाने तो तीन हजारांनी वरखाली होणे अगदी साधी गोष्ट आहे. असे अठरा जण खेळले तर साधारण एकाच्या हाती पाच हजारांचा नफा दिसेल, आणि गाळ्यावर बोलत असतो तो नेमका हाच. चारास एक भावाच्या घोड्यांवर खेळणाऱ्यांत तर पाचातल्या एकाला हा नफा निव्वळ नशिबाने होतो.

आता कर. एकास एक भावाने पाच टक्के काढायचे तर ५२५ डाव जिंकावे आणि ४७५ हरावे लागतात. जिंकलेले ५२,५००, हरलेले ४७,५००. रेसमध्ये जिंकलेल्या रकमेवर आयकर सरसकट ३० टक्के, वर ४ टक्के उपकर. आणि हरलेले पैसे त्यातून वजा होत नाहीत. म्हणजे ५२,५०० वर कर १६,३८०. नफा पाच हजारांचा, कर सोळा हजारांचा!

"दहा हजारांच्या आत टीडीएस कापत नाहीत, म्हणजे कर नाही" हाही गैरसमजच. कापला नाही, तरी देणे लागतोच.

शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून पैजेच्या पूर्ण रकमेवर ४० टक्के जीएसटी आहे. तिकिटांच्या एक लाखावर तो वेगळा भरावा लागला तर होतो ४०,००० रुपये. पाच टक्क्यांची फुशारकी मारणाऱ्याला एवढेच विचारावे: हे दोन्ही कर धरून की सोडून?