तीन कोटेशनं आणि एक वेबसाइट

वेबसाइटसाठी तीन एजन्सींकडून आलेली कोटेशनं शेजारी ठेवली की नजर आधी शेवटच्या आकड्यावर जाते. पण तिघांनी मोजलेलं काम सहसा सारखं नसतं, त्यामुळे त्या आकड्यांची तुलनाच होऊ शकत नाही.

देवगडच्या एका हापूस बागायतदाराचं कल्पित उदाहरण घेऊ. त्याला थेट गिऱ्हाइकाला पेट्या विकायच्या आहेत. साइट मराठी आणि इंग्रजीत हवी, पैसे ऑनलाइन घेता यायला हवेत. पहिली एजन्सी 45,000 रुपये मागते, दुसरी 75,000 आणि तिसरी 1,15,000. पहिल्या दोघींच्या कोटेशनखाली बारीक अक्षरात ‘जीएसटी वेगळा’ असं लिहिलेलं आहे, तर तिसरीच्या रकमेत तो धरलेला आहे.

या सेवेवर जीएसटी 18 टक्के आहे. ज्या व्यावसायिकाला भरलेल्या कराची वजावट मिळते, त्याला हा फरक फारसा जाणवत नाही. ताज्या आंब्यावर मात्र जीएसटी नाही. त्यामुळे केवळ ताजी फळं विकणाऱ्याला ही वजावट मिळत नाही आणि कराची सगळी रक्कम त्याच्याच खिशातून जाते.

यानंतर पाहायचं ते प्रत्येकीनं काय गृहीत धरलं आहे. पहिलीच्या कोटेशनमध्ये ‘मजकूर ग्राहक देईल’ एवढंच वाक्य आहे. त्याचा अर्थ असा की पानांचं लेखन आणि पेट्यांचे फोटो ही बागायतदाराची जबाबदारी, आणि किंमत एकाच भाषेची. विचारल्यावर कळतं, मराठी आवृत्तीचे 15,000 आणि पेमेंट गेटवे जोडण्याचे 10,000 वेगळे. होस्टिंग पहिल्या वर्षी मोफत आहे, पण पुढे देखभालीसह वर्षाला 12,000. दुसरी एजन्सी दोन्ही भाषा आणि गेटवे धरते, होस्टिंग व देखभालीचे वर्षाला 6,000 घेते, पण लेखन आणि फोटो तिच्याही कामात नाहीत. तिसरीच्या रकमेत हे सगळं तीन वर्षांच्या देखभालीसह आहे.

आता तीन वर्षांचा हिशेब. पहिलीचे 45,000, त्यात 25,000 आणि दोन वर्षांचे 24,000 मिळवले की 94,000 होतात, करासह 1,10,920. दुसरीचे 75,000 आणि तीन वर्षांचे 18,000 मिळून 93,000, करासह 1,09,740. लेखन आणि फोटो बाहेरून 20,000 रुपयांत करून घेतले, तर पहिली 1,30,920 वर जाते आणि दुसरी 1,29,740 वर. तिसरी 1,15,000 वरच राहते. सर्वांत महाग दिसलेली एजन्सी आता सर्वांत स्वस्त आहे. गेटवेची टक्केवारी या हिशेबात धरलेली नाही, कारण ती प्रत्येक विक्रीमागे गेटवे कंपनीला जाते आणि तोच गेटवे वापरला तर तिन्हींकडे सारखीच पडते.

तरीही इथे निर्णय होत नाही. तिसरी एजन्सी साइट स्वतःच्याच प्रणालीवर बांधते. तीन वर्षांनी तिनं दर वाढवले आणि बागायतदाराला दुसरीकडे जायचं झालं, तर साइट उचलून नेता येत नाही, नव्यानं बांधावी लागते. कोटेशनमध्ये कधीच न छापला जाणारा खर्च तो हाच. दुसरी एजन्सी वर्डप्रेसवर काम करते, जे सांभाळणारे लोक सहज मिळतात. म्हणून तिचे जवळपास पंधरा हजार जास्त असले तरी ते वाया जात नाहीत. मात्र वर्डप्रेसमधल्या सशुल्क प्लगइनचे परवाने सहसा दरवर्षी नव्यानं घ्यावे लागतात. ते कोणाच्या नावावर आणि कोणाच्या खर्चानं, हे लेखी हवं.

मालकीचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. भारताच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार बाहेरच्या एजन्सीकडून करून घेतलेल्या कोडचे हक्क केवळ पैसे दिले म्हणून ग्राहकाकडे येत नाहीत. त्यासाठी हस्तांतराचा सहीचा लेखी करार लागतो. डोमेन तर पहिल्या दिवसापासून बागायतदाराच्याच नावावर आणि त्याच्याच ईमेलवर नोंदलेलं असावं. ते एजन्सीच्या खात्यात असेल, तर वाद झाल्यावर दुकानाचा पत्ताच तिच्या हाती राहतो.

हा घोळ टाळायचा तर कोटेशन मागण्याआधीच पानांची संख्या, भाषा, पेट्यांचे प्रकार आणि मजकूर कोण देणार, हे एका कागदावर लिहून तोच कागद तिघींना द्यावा. उत्तरात प्रत्येक कामापुढे ‘धरलं आहे’, ‘धरलेलं नाही’ किंवा ‘वेगळा दर’ यांपैकी एक लिहून मागावं. रचनेत किती वेळा बदल करून मिळतील आणि त्यानंतर तासाला किती आकारणी, हेही त्यातच यावं. बागायतदारानं आणखी एक प्रश्न जोडावा: एप्रिल-मेच्या हंगामात साइट बंद पडली, तर किती तासांत माणूस कामाला लागेल? ‘लवकरात लवकर’ या उत्तराऐवजी तासांचा आकडा लिहून घ्यावा, कारण हापूसची विक्री मोजक्या आठवड्यांत आटोपते.