पैसे कट झाले, पण ऑर्डर दिसत नाही

समजा, तुम्ही रात्री पावणेदहाला एका संकेतस्थळावरून ४,२५० रुपयांचा मिक्सर मागवलात. नेट बँकिंग निवडलं, बँकेचं पान उघडलं, पासवर्ड आणि ओटीपी टाकला. गोल चक्र फिरायला लागलं आणि तेवढ्यात नेट गेलं, किंवा घाईत तुम्हीच ते पान बंद केलं. दुकानाच्या पानावर परतून पाहावं, तर ऑर्डर ‘पेंडिंग’. आता पैसे गेले की राहिले?

याचं उत्तर शोधायचं तर पैशाचा आणि निरोपाचा मार्ग वेगळा असतो, हे आधी पाहायला हवं. दुकानाला तुमचा पासवर्ड कळू नये म्हणून ते तुम्हाला पेमेंट गेटवेमार्फत थेट बँकेच्या पानावर पाठवतं. तिथे तुम्ही मंजुरी दिलीत की बँक आपल्या यंत्रणेत खात्यातून रक्कम वजा करते. ‘पैसे मिळाले’ हा निरोप मात्र ती तुमच्याच ब्राउझरच्या हाती देऊन तुम्हाला दुकानाकडे परत धाडते. पान बंद झालं तर हा निरोप वाटेत हरवतो. झालेला व्यवहार त्यामुळे रद्द होत नाही.

म्हणून पान नेमकं केव्हा बंद झालं, यावर सगळं अवलंबून आहे. ओटीपी देऊन मंजुरी देण्याआधी बंद झालं असेल तर पैसे जात नाहीत. काही वेळाने व्यवहाराची मुदत आपोआप संपते. मंजुरीनंतर बंद झालं असेल तर पैसे बहुधा गेलेले असतात. खात्री एसएमएसवरून करू नये, कारण तो उशिरा येऊ शकतो. बँकेत नव्याने लॉगिन करून खात्याचा उतारा पाहावा. ४,२५० रुपयांची नोंद तिथे असेल, तर तिच्याशेजारचा संदर्भ क्रमांक लगेच टिपून घ्यावा.

हरवलेल्या निरोपावर इलाज यंत्रणेतच असतो. ब्राउझरमधून आलेल्या निरोपात कुणी फेरफार करू शकतं, म्हणून चांगली दुकानं नुसत्या त्या निरोपावर विसंबतच नाहीत. त्यांचा सर्व्हर गेटवेला आणि गेटवेचा सर्व्हर बँकेला परस्पर विचारतो, की या क्रमांकाच्या व्यवहाराचं काय झालं? बँकेने ‘यशस्वी’ म्हटलं की तुमचं पान बंद असलं तरी थोड्या वेळाने ऑर्डर पक्की होते. उत्तर तेव्हा मिळालं नाही, तर पुढे बँकेच्या आणि गेटवेच्या नोंदी ताडून पाहताना हा व्यवहार सापडतो. मात्र तोवर दुकानाने ऑर्डर रद्द केलेली असू शकते. मग मिक्सर येत नाही, पैसे परत येतात.

याच मधल्या काळात लोक पुन्हा पैसे भरतात. ‘पेंडिंग’ म्हणजे ‘फसलं’ नव्हे. पहिला व्यवहार उशिरा यशस्वी ठरला की एकाच वस्तूचे दोनदा पैसे जातात आणि एक रक्कम परत मिळवण्याचं काम वाढतं. उतारा पाहून आणि दुकानाकडे चौकशी करूनच दुसऱ्यांदा पैसे भरावेत.

ऑर्डर पक्की झाली नाही तर आधी दुकानाशी बोलावं, कारण बँकेने रक्कम पुढे पाठवलेली असेल तर परतावा दुकान आणि गेटवेकडूनच सुरू होतो. रक्कम, तारीख-वेळ, दुकानाचा ऑर्डर क्रमांक आणि बँकेचा संदर्भ क्रमांक लेखी कळवावा. रक्कम पोहोचलीच नाही असं दुकानाने सांगितलं, तर तेच उत्तर जोडून बँकेकडे तक्रार नोंदवावी. दोन्हींचे फोन क्रमांक त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावेत. परताव्यासाठी ओटीपी मागणारा किंवा मोबाइलचा स्क्रीन दाखवायला सांगणारा माणूस ठग असतो.

किती दिवस थांबायचं? रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९च्या परिपत्रकानुसार, कार्डाने ऑनलाइन खरेदी करताना किंवा यूपीआयने दुकानदाराला पैसे देताना रक्कम कट झाली, पण दुकानाला पुष्टी मिळाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत ती आपोआप परत यायला हवी. त्यापुढे दररोज १०० रुपये भरपाई द्यावी लागते. त्या तक्त्यात नेट बँकिंगची वेगळी ओळ नाही, शिवाय ग्राहकामुळे अडलेला व्यवहार ‘फसलेला’ धरला जात नाही. त्यामुळे भरपाई मिळेलच असं धरून चालू नये, पण पाठपुरावा कधी सुरू करायचा, यासाठी ५ दिवसांचं माप उपयोगी आहे. मिक्सर न देता ४,२५० रुपये ठेवून घेण्याचा हक्क मात्र कुणालाच नाही. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर समाधानकारक नसलं, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. तिथे बँकेकडे केलेल्या लेखी तक्रारीचा पुरावा लागतो, म्हणून फोनवर बोलणं झालं तरी ईमेल पाठवून तक्रार क्रमांक घ्यावाच.