‘मे.’ कोर्टास विनंती

आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर लाल खारव्याच्या रुमालात बांधलेले कागदांचे एक दप्तर होते, आणि त्या दप्तरात आजोबांनी शेताच्या बांधावरून लढविलेल्या एका दाव्याचे कागद होते. मोडी वाचावयास शिकल्यावर मी पहिल्याने जे कागद उलगडले ते हेच. दाव्याचा निकाल काय लागला, बांध कोणाचा ठरला, यांत माझे मन फारसे गुंतले नाही. ते गुंतले ते प्रत्येक कागदाच्या शिरोभागी लिहिलेल्या एका अक्षरात. ‘मे. सबजज्ज साहेब, दुय्यम वर्ग, यांचे कोर्टात’ अशी सुरुवात, मध्ये दोन-चार ठिकाणी ‘मे. कोर्टाचे ध्यानात येईल की’, आणि शेवटी ‘सबब मे. कोर्टास विनंती की’ अशी अखेर. आज कोणत्याही तालुक्याच्या कोर्टात जाऊन दाव्याची नक्कल काढली, तरी सबजज्जाच्या जागी ‘दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर’ एवढा पालट सोडला तर ते ‘मे.’ जागच्या जागी सापडते. गेली कित्येक वर्षे या एका अक्षराच्या मागे मी हिंडतो आहे.

‘मे.’ म्हणजे ‘मेहेरबान’. फारसीतून आलेला हा शब्द दयाळू, कृपावंत अशा अर्थाचा असला तरी मराठी पत्रव्यवहारात तो केवळ विशेषण राहिला नाही; तो ‘मायना’ झाला. कोणाला ‘वेदशास्त्रसंपन्न’ लिहावे, कोणाला ‘राजमान्य राजेश्री’ आणि कोणाला ‘अखंडित लक्ष्मी अलंकृत’, याचे काटेकोर संकेत जुन्या कारकुनांना मुखोद्गत असत, कारण मायन्यात चूक झाली तर मजकूर निर्दोष असूनही पत्र अपमानाचे ठरे. इंग्रजी अमलात हाच ‘मेहेरबान’ पटवर्धनांसारख्या दक्षिणी संस्थानिकांच्या नावामागे सरकारमान्य किताब म्हणून लागत असे. सरदाराचा हा मायना कोर्टाच्या कागदावरही आला आणि रोज शेकडो वेळा लिहावा लागल्याने झिजत झिजत एका अक्षरावर आणि एका टिंबावर येऊन थांबला.

पेशवाईतल्या न्यायाच्या कागदांत याला तंतोतंत जोड सापडत नाही, आणि त्याचे कारण विचार करण्याजोगे आहे. त्या काळी अग्रवादी आणि पश्चिमवादी आपापली तकरीर लिहून देत, राजीनामा आणि जामीनकतबा देत, आणि मग गोत किंवा पंचाईत बसून निवाडा होई. ज्यांच्यापुढे बोलावयाचे ती बहुधा गावची, ओळखीची माणसे असत. त्यांना हाक मारण्यासाठी निराळा शब्द शोधावा लागत नसे. विठ्ठल त्र्यंबक गुणे यांचा मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरचा १९५३ सालचा ग्रंथ वाचताना मला प्रकर्षाने जाणवले ते हे, की उंच चौथऱ्यावर एकटा बसलेला, गावाबाहेरून बदलीवर आलेला आणि पक्षकारांशी कसलेही नाते नसलेला न्यायाधीश ही आपल्याकडे प्रामुख्याने इंग्रजी अमलातली वस्तू आहे, आणि त्याला काय म्हणावयाचे हा सामान्य माणसाचा पेचही तेव्हापासूनचा आहे.

हा पेच मराठी दरखास्तनविसांनी व्याकरणाने सोडविला. आजोबांच्या फिर्यादीत न्यायाधीशाला उद्देशून ‘तुम्ही’ किंवा ‘आपण’ एकदाही आलेले नाही. ‘मे. कोर्टाने हुकूम करावा’, ‘मे. कोर्टासमोर हजर आहे’, असे सारे तृतीय पुरुषात आणि नपुंसकलिंगात. विनंती करावयाची ती माणसाला नव्हे, कोर्टाला, आणि क्रियापद विध्यर्थी, म्हणजे आज्ञाही नाही आणि याचनाही नाही. आसनावर पुरुष आहे की स्त्री, तरुण की वृद्ध, याने या वाक्यात काडीचाही फरक पडत नाही. म्हणूनच स्त्रिया न्यायासनावर आल्या तेव्हा तोंडी संबोधनाची थोडी ओढाताण झाली, कोणी ‘मॅडम’ म्हणू लागले, कोणी ‘बाईसाहेब’, पण लेखी कागदाला एक मात्राही बदलावी लागली नाही. माझ्या मते मराठीने न्यायासनाला दिलेले हे सर्वांत शहाणे संबोधन आहे.

तोंडी बोलताना मात्र पक्षकाराजवळ ‘साहेब’ हाच शब्द असतो, आणि तो पुरेसा आहे. चित्रपट पाहून आलेला माणूस ‘माय लॉर्ड’ची तयारी करून येतो आणि गीतेवर हात ठेवावयास मिळेल अशी वाट पाहतो, वस्तुतः १९६९ च्या शपथ अधिनियमात कोणत्याही ग्रंथाचे नाव नाही, आणि ईश्वरास स्मरून किंवा गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करून खरे सांगेन, एवढेच म्हणावयाचे असते. साहेब डायसवर येताच सर्वांनी उभे राहावयाचे. बहुतेक न्यायाधीश नमस्कार करून मग बसतात. पुकारा झाला की पुढे जाऊन किंचित वाकावयाचे आणि ‘हजर आहे, साहेब’ म्हणावयाचे. सारा वेळ हात जोडून उभे राहण्याची आवश्यकता नाही. त्यापुढे पक्षकाराकडून कायदा कोणत्याही विशिष्ट शब्दाची अपेक्षा करीत नाही. पूर्वीच्या दंड संहितेचे कलम २२८ आणि आताच्या न्याय संहितेचे कलम २६७ न्यायासनाचा जो अपमान गुन्हा मानते तो जाणूनबुजून केलेला. शब्द चुकणे हा गुन्हा नव्हे, आणि एखाद्या म्हातारीने ‘दादा’ म्हटले म्हणून काही बिघडत नाही.

खेड्यातली माणसे अजूनही कोर्टाच्या दाराबाहेर किंवा पिंजऱ्याच्या पायरीशी चपला काढून ठेवतात. हे कोणी सांगत नाही, सांगावेही लागत नाही. देवळाचा आणि ओसरीचा तो संस्कार आहे. परंतु याच मुंबई इलाख्यात जोडे काढण्याची सक्ती झाली होती, आणि तिच्याशी झगडलेल्या एका माणसाचे नाव आज कोणाला ठाऊक नाही याचे मला वाईट वाटते. मानेकजी कावसजी एंटी हे सुरतेचे पारशी गृहस्थ १८६२ साली तेथील सेशन कोर्टात असेसर म्हणून, म्हणजे न्यायाधीशाला मत देण्यासाठी बोलाविलेले पंच म्हणून गेले. न्यायाधीशाने त्यांना जोडे काढून आत येण्यास सांगितले. त्यांनी नकार दिला, आणि त्यांना कोर्टाबाहेर जावे लागले. पुढे त्यांनी सरकारकडे दाद मागितली आणि प्रकरण चिघळत गेले. इतिहासकारांनी या वादाला ‘जोड्यांचा मोठा प्रश्न’ असेच नाव दिले आहे. येथे ध्यानात घेण्याची गोष्ट ही, की एंटी हे आरोपी नव्हते, अर्जदारही नव्हते. न्यायदानाच्या कामात भाग घेण्यासाठी त्यांना सन्मानाने पाचारण केले होते. तोच मनुष्य उंबरठ्यावर एतद्देशीय ठरला. स्वेच्छेने काढलेली चप्पल आणि काढावयास लावलेला जोडा यांत जे अंतर आहे, तेच अंतर आपण होऊन म्हटलेल्या ‘साहेबा’त आणि वसूल केलेल्या ‘माय लॉर्ड’मध्ये आहे, असे मी मानतो.

हा ‘माय लॉर्ड’ घालविण्याचा प्रयत्न झाला नाही असे नाही. भारतीय विधिज्ञ परिषदेने २००६ साली आपल्या नियमांत भर घातली: सर्वोच्च आणि उच्च न्यायालयात ‘युवर ऑनर’ किंवा ‘ऑनरेबल कोर्ट’ म्हणावे, आणि खालच्या न्यायालयांत ‘सर’ किंवा त्या त्या प्रादेशिक भाषेतला तदर्थक शब्द वापरावा, ‘माय लॉर्ड’ आणि ‘युवर लॉर्डशिप’ हे वसाहतीच्या काळाचे अवशेष आहेत, असे स्पष्टीकरणही तेथेच जोडले. नियम झाला, पण जिभा वळल्या नाहीत. पुढे एका वयोवृद्ध वकिलाने हे शब्द बंदच करावेत म्हणून याचिका केली, ती जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. आम्ही हे सक्तीचे केव्हा म्हटले, आदराने संबोधा म्हणजे झाले, असा त्या वेळच्या बोलण्याचा आशय होता. त्या दोघांच्या पीठात आपल्या नागपूरचे शरद बोबडे होते.

तेच बोबडे सरन्यायाधीश असताना फेब्रुवारी २०२१ मध्ये कायद्याचा एक विद्यार्थी, वकिलाविना, स्वतःच आपली याचिका घेऊन उभा राहिला आणि त्याने पीठाला ‘युवर ऑनर’ म्हटले. सरन्यायाधीशांनी त्याला थांबविले: असे म्हणताना तुमच्या डोळ्यांपुढे एकतर अमेरिकेचे सर्वोच्च न्यायालय असते नाहीतर मॅजिस्ट्रेट, आणि आम्ही यांपैकी कोणी नाही. विद्यार्थ्याने तत्काळ क्षमा मागितली. परिषदेच्या छापील नियमात सर्वोच्च न्यायालयासाठी जो शब्द दिला आहे, तोच त्याने उच्चारला होता. घोटाळा कोठे आहे? इंग्रजी परिपाठात ‘युवर ऑनर’ ही पायरी जिल्हा पातळीच्या न्यायाधीशाची, ‘लॉर्ड’ ही उच्च न्यायालयाची. परिषदेने शब्द बदलला, पण मनातली पायऱ्यांची शिडी तशीच राहिली, त्यामुळे समतेसाठी योजलेला शब्द पदावनतीसारखा ऐकू आला. बोबड्यांविषयी मला आदर आहे, तरीही त्या दिवशी विद्यार्थ्याचीच बाजू खरी होती, हे लिहिल्यावाचून माझ्याने राहवत नाही. मराठीत ही शिडीच नाही. ‘मे. कोर्ट’ तालुक्याचेही असते आणि जिल्ह्याचेही.

महाराष्ट्र शासनाने २१ जुलै १९९८ च्या अधिसूचनेने उच्च न्यायालयाखालच्या न्यायालयांची भाषा मराठी ठरविली, आणि म्हणून साक्षीदाराच्या तोंडचे मराठी कागदावर कसे उतरते हे पाहण्यासाठी मी एकदा एका तालुका कोर्टात दिवसभर बसलो होतो. पिंजऱ्यात साठीच्या पुढची एक बाई उभी होती. दावा भावाविरुद्ध, वडिलांच्या जमिनीतल्या हिश्शाचा. उलटतपास चालला होता. सामनेवाल्यांच्या वकिलांनाही ती ‘साहेब’ म्हणत होती, आणि प्रश्न वकिलांनी केला म्हणून तोंड त्यांच्याकडे करूनच उत्तर देत होती. तिचा स्वर लहान, उत्तर डायसपर्यंत पोहोचेना. न्यायाधीशबाई म्हणाल्या, ‘मावशी, उत्तर मला सांगा. लिहून मी घेते आहे.’ नवख्या पक्षकाराचे चुकते ते बहुधा येथे. वकिलाचा प्रश्न ऐकावयाचा, पण बोलावयाचे न्यायासनाकडे पाहून, सावकाश, एका वेळी एक वाक्य. कारण न्यायाधीश ते ऐकून लघुलेखकाला सांगतात, आणि जे ऐकू गेले नाही ते कागदावर येत नाही.

वकिलांनी विचारले, ‘वडिलांनी हयातीतच तुमचा हिस्सा रोख देऊन टाकला होता, बरोबर?’ बाई वळली, डायसकडे पाहिले, पदर सावरला आणि म्हणाली, ‘न्हाई हो साहेब. लेकरांची शपथ. एक पै न्हाई दिली साहेब.’ न्यायाधीशबाईंनी लघुलेखकाला सांगितले: ‘हे म्हणणे खरे नाही की, माझ्या वडिलांनी त्यांच्या हयातीत मला माझा हिस्सा रोखीने दिला.’ दोन्ही ‘साहेब’ गेले, लेकरे गेली, पै गेली. नकार तेवढा राहिला, आणि दाव्याला नकारच हवा होता. जबानी संपल्यावर ती तिला वाचून दाखविण्यात आली. ती लक्ष देऊन ऐकत होती, ओठ हलत होते, आणि त्या वाक्याशी येताच तिने मान हलविली.

‘बरोबर आहे?’ न्यायाधीशबाईंनी विचारले.

‘बरोबर हाय साहेब,’ ती म्हणाली आणि खाली उतरून तिने पिंजऱ्याच्या पायरीशी काढून ठेवलेल्या चपला पायांत घातल्या.